आईचा एकच डोळा लाल, दोन उलट्याही झाल्या. डोळेच आलेत ना?

गोदाकाठ | ५ ऑगस्ट २०२३, रात्री १०.१२

मी पुण्यात असतो, आई-बाबा गंगाखेडच्या पुढं आमच्या गावी. धोंड्याचा महिना म्हणून ताई आणि दाजी तिकडं आलेत. गल्लीतल्या निम्म्या लेकरांचे डोळे आलेत. ताईचा धाकटाही परवापासून चिपडलेले डोळे घेऊन फिरतोय. आज दिवेलागणीला आईचा उजवा डोळा लाल झाला. सगळे म्हणाले, नातवाचं लागलं. गावातल्या डॉक्टरांनीही तेच सांगून अँटिबायोटिकचे थेंब दिले. दोन उलट्या झाल्या होत्या म्हणून पित्ताचं इंजेक्शन दिलं. दुपारपासून ती चुलीपुढं धोंडे तळत बसली होती, त्यामुळं धूर लागला, पित्त खवळलं, हे आम्हालाही पटलं.

आत्ता ताईचा फोन आला. आई कपाळ धरून बसलीय, उजव्या बाजूचं डोकं फुटेल असं म्हणतेय. वय ५८. शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. डोळे आल्यावर इतकं दुखतं का? सकाळपर्यंत थांबलो तर चालेल का?

बालाघाट | रात्री १०.१९

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझ्या वर्गात ३४ पैकी ११ मुलं याच कारणानं घरी आहेत. घाबरू नका, आठवडाभरात उतरतं. आईंचा टॉवेल आणि उशीची खोळ वेगळी ठेवा, हात सारखे धुवायला सांगा. काळा चष्मा लावला तर उजेडाचा त्रास कमी होतो. नातवाला मात्र जवळ घेऊ देऊ नका. मुलांना हे समजावताना जीव मेटाकुटीला येतो.

परळीची_लेक | रात्री १०.२२

आमच्याकडं बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब घालतात, थंडावा मिळतो. पित्ताचं डोकं असेल तर उलटी झाल्यावर उतरतंच. एवढ्या रात्री म्हाताऱ्या माणसाला कुठं हलवता, सकाळी न्या.

निवृत्त_नेत्रसेवक | रात्री १०.२४

सकाळची वाट पाहू नका. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून ३१ वर्षं काढलीत. लाल डोळ्याबरोबर उलटी हे दोन शब्द एकत्र ऐकले की मी अजूनही उठून बसतो.

ताईंना व्हिडिओ कॉल लावा. ओल्या स्वच्छ कापडानं आईंचा डोळा पुसायला सांगा. मग डावा डोळा तळहातानं झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. चिपडामुळं धूसर दिसत असेल तर पुसल्यावर लख्ख दिसायला हवं. दुसरं, बल्बकडं बघितल्यावर त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं का ते विचारा. तिसरं, डोळ्यातून काय येतंय? नुसतं पाणी, की नातवासारखं चिपड? आणि आज कुठली गोळी घेतली का, सर्दी-खोकल्याची वगैरे?

सर, तुमचं टॉवेलचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण ते नातवासाठी. साथ आली की प्रत्येक लाल डोळा साथीच्या खात्यात जमा होतो, मला भीती त्याचीच वाटते.

गोदाकाठ | रात्री १०.४१

कॉल केला. पुसूनही उजव्या डोळ्यानं कॅलेंडरवरचा मोठा आकडासुद्धा दिसत नाही. कुणी समोर उभं आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. डाव्या डोळ्यानं सगळं वाचलं. बल्बभोवती कडं दिसतं म्हणाली, "पावसातल्या दिव्याभोवती दिसतं तसं, निळं-तांबडं." चिपड अजिबात नाही, नुसतं पाणी गळतंय.

सर्दी होती म्हणून सकाळी एक आणि दुपारी एक सर्दीची गोळी घेतली होती. संध्याकाळी सातला लाईट गेली, तास-दीड तास कंदिलाच्या उजेडात सगळं चाललं होतं. दुखायला त्यानंतरच लागलं.

अजून एक गोष्ट ताईनं सांगितली. गेल्या दोन-तीन महिन्यांत आई कधी कधी संध्याकाळी म्हणायची की दिवा धुरकट दिसतोय, कपाळ दुखतंय. झोपली की सकाळी बरं असायचं. आम्ही मोतीबिंदू पिकतोय म्हणून सोडून दिलं.

निवृत्त_नेत्रसेवक | रात्री १०.४६

शेवटची एकच गोष्ट बघायची आणि निघायचं. खोलीतला दिवा बारीक करा. दाजींनी मोबाईलची बॅटरी आधी डाव्या डोळ्यावर मारावी. मधली काळी बाहुली चटकन बारीक होईल. मग उजव्यावर मारावी. ती हलते का, तिचा आकार केवढा आहे, आणि बुबुळ डाव्यासारखं चकचकीत दिसतं की वाफ धरलेल्या आरशासारखं, एवढं बघा. तोवर एका माणसानं गाडी बाहेर काढावी.

गोदाकाठ | रात्री १०.५३

मी स्क्रीनवर स्वतः पाहिलं. डावी बाहुली टिंबाएवढी झाली. उजवी मधल्या आकाराची, किंचित उभट, बॅटरी धरली तरी जागची हलली नाही. बुबुळावर मळभ आल्यासारखं दिसतंय. लाली बुबुळाच्या भोवती जास्त आहे, कोपऱ्यांकडं कमी. ताईच्या पोराच्या डोळ्यात याच्या बरोबर उलट आहे, खालची पापणी ओढली की आत लालभडक आणि बुबुळाजवळ जवळजवळ पांढरं.

काका, हे काय आहे?

निवृत्त_नेत्रसेवक | रात्री १०.५७

डोळ्यातला दाब एकाएकी चढलाय असा माझा जबर संशय आहे. काचबिंदूचा झटका म्हणतात तो. नक्की काय ते दाब मोजल्यावरच कळेल, पण आता मोजायलाच जायचं. गंगाखेडला एवढ्या रात्री डोळ्यांचे डॉक्टर भेटतील याची खात्री नसेल तर थेट परभणी गाठा आणि निघण्याआधी फोन करून विचारा. हा दाब तासांत नस मारतो. उद्या दुपारपर्यंत थांबलात तर जे जाईल ते परत येणार नाही.

गाडीत सीट मागं करून उताणं झोपवा. डोळ्यावर पट्टी, रुमाल, काळा चष्मा काही नको. अंधारात बाहुली मोठी होते आणि अडचण वाढते, म्हणून गाडीतला दिवा लावूनच ठेवा. सर्दीची गोळी बंद, तीही बाहुली मोठी करते. दूध, गुलाबपाणी, मध काहीही घालू नका. परळीच्या ताई, राग मानू नका, पण दुधात जंतू असतात. बुबुळावर ओरखडा असला तर त्यातूनच फूल पडतं. आणि उलटीनं उतरणारं हे डोकं नाही. उलटी पोटातून नाही, डोळ्याच्या कळेतून येतेय.

कॅज्युअल्टीत गेल्यावर "डोकं दुखतंय, उलट्या होतायत" अशी सुरुवात करू नका. "उजव्या डोळ्यानं चार तासांपासून दिसत नाही, बाहुली हलत नाही, डोळ्याचा दाब मोजा," असंच म्हणा. दमा, मूतखडा, किडनीचा आजार किंवा सल्फाच्या गोळीची अॅलर्जी असेल तर तेही सांगा, कारण औषधं त्यावर ठरतात.

गोदाकाठ | रात्री ११.०८

निघाले. दमा नाही, बाकीही काही नाही. मीही पुण्यातून निघतोय.

मेडिकलवाला_उदगीर | रात्री ११.३०

दुकान बंद करून आत्ता वाचलं. नेत्रसेवक साहेब बरोबर बोलले. सर्दीच्या गोळीच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं की काचबिंदू असेल तर घेऊ नका. मी माझ्या काचबिंदूच्या एकाही गिऱ्हाइकाला ती देत नाही. या केसमध्ये गोळीनंच घात केला, यात मला शंका नाही.

बालाघाट | ६ ऑगस्ट, सकाळी ६.५०

रात्रभर मनात तेच होतं. मी पहिलंच उत्तर "घाबरू नका" असं दिलं, त्याबद्दल माफ करा. आई कशा आहेत?

गोदाकाठ | ६ ऑगस्ट, रात्री ९.३५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. झालं ते क्रमानं लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

साडेबाराला परभणीत पोचले. पहिल्या दवाखान्यात बीपी १७० निघालं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि अर्धशिशी असेल, सलाईन लावू म्हणाले. दाजींनी तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, दोनदा म्हटलं. मग त्यांनी स्वतः बॅटरी मारून बघितलं आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना दोष द्यायचा नाही, बीपी आणि उलट्या समोर दिसत असताना डोळा मागं पडतो.

डोळ्यांच्या डॉक्टर पाऊण वाजता दवाखाना उघडून बसल्या. दाब उजव्या डोळ्यात ५८, डाव्यात १६. त्या म्हणाल्या, २१ पर्यंत ठीक धरतो. अॅसिटाझोलामाइड शिरेतून दिलं, कारण गोळी दिली असती तर उलटून पडली असती. टिमोलॉलचे थेंब टाकले, मॅनिटॉलची बाटली पाऊण तासात लावली. साडेतीनला दाब ३१ होता. ताई सांगते, पहाटे चारच्या सुमारास आई एकदम म्हणाली, "कपाळावरची पाटी उतरली गं," आणि झोपून गेली. सकाळी नऊला दाब १९.

मी पोचलो तेव्हा तिनं मला नावानं हाक मारली, आवाजावरून नाही, बघून. उजव्या डोळ्यानं भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे कळत नाहीत. बुबुळाची सूज उतरली की परवा लेसर करणार आहेत आणि तेही दोन्ही डोळ्यांना. चांगल्या डोळ्याला कशाला, हे घरात कुणालाच कळलेलं नाही. दाजींनी विचारलं तेव्हा डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये होत्या.

निवृत्त_नेत्रसेवक | ६ ऑगस्ट, रात्री १०.१५

वाचून डोळे भरून आले. दाजींना माझा नमस्कार सांगा, दोनदा म्हटलं म्हणून डोळा राहिला.

चांगल्या डोळ्याचं सांगतो. आपल्या डोळ्यात सतत थोडं थोडं पाणी तयार होतं. बाहेर येणारे अश्रू वेगळे, हे आतलं. ते बुबुळातल्या रंगीत पडद्याच्या मागं तयार होतं, बाहुलीतून पुढं येतं आणि पडद्याच्या कडेला जो कोपरा असतो तिथल्या जाळीतून झिरपून जातं. पाटाचं पाणी दारातून शेतात आलं आणि बांधाच्या कडेच्या चारीनं निघून गेलं, तसं.

काही माणसांचा डोळा मुळातच आखूड असतो, त्यांची पुढची जागा उथळ असते. वय वाढलं की आतलं भिंग जाड होतं आणि पडद्याला मागून टेकायला लागतं. तेच दार. ते अडलं की पाणी पडद्यामागं तुंबतं, पडदा पुढं फुगतो आणि कडेची चारी बुजवून टाकतो. पाणी येणं चालूच, जाणं बंद. बाहुली अर्धवट उघडी असते तेव्हा दार सगळ्यात घट्ट बसतं. म्हणून हा झटका दिवेलागणीला, अंधूक उजेडात येतो. झोपेत बाहुली बारीक होते, पडदा ताणला जाऊन चारी मोकळी होते. आईंचं संध्याकाळचं धुरकट दिसणं झोपल्यावर जायचं ते यामुळं. ते छोटे झटकेच होते. मोतीबिंदूत धूसर दिसतं, पण ते सकाळी झोपून उठल्यावर जात नाही.

लेसरनं पडद्याला वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतात. दार अडलं तरी पाण्याला आडवाट मिळते. आईंचा डावा डोळा त्याच आईच्या पोटचा, तेवढाच आखूड. एका डोळ्याला झटका आला आणि दुसरा तसाच सोडला तर पुढच्या पाच-दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास लोकांना त्यातही येतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, नाही म्हणू नका.

आईंना तरुणपणापासून लांबचं बघायला अधिक नंबरचा चष्मा होता का?

गोदाकाठ | ६ ऑगस्ट, रात्री १०.३१

हो! +३ चा. चाळिशीच्या आधीपासून. जाड भिंगामुळं तिचे डोळे मोठे दिसायचे, आम्ही लहानपणी तिला चिडवायचो.

निवृत्त_नेत्रसेवक | ६ ऑगस्ट, रात्री १०.३८

हेच ते. अधिक नंबर म्हणजे बहुधा आखूड डोळा. पन्नाशीच्या पुढची बाई, अधिक नंबर, पिकत आलेलं भिंग, वर सर्दीची गोळी आणि गेलेली लाईट.

सोयाबीन_तूर | ७ ऑगस्ट, सकाळी ७.०५

राम राम. औसा तालुक्यातून लिहितोय. माझ्या पोराच्या डोळ्याचा दाब ३४ निघाला होता, पण त्याला ना दुखलं ना उलटी झाली, डोळा पांढराशुभ्र. मग तुमच्या ५८ चं एवढं काय नि आमच्या ३४ चं एवढं का नाही?

पोरगा १२ वर्षांचा. दरसाल चैत्र लागला की दोन्ही डोळे लाल, आणि खाज अशी की मनगटानं चोळून चोळून पापण्या सुजायच्या. तारेसारखा चिकट धागा निघायचा. सोयाबीनची रास करताना आणि बांधावर गाजरगवत फुललं की पुन्हा तेच. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवसांत खाज गायब. बाटली संपली की दुसरी आणायची. दोन वर्षं असं चाललं. मग शाळेतून निरोप आला की फळ्यावरचं दिसत नाही. लातूरला नेलं तर डॉक्टर म्हणाले, अॅलर्जी होती हे खरं, पण थेंबात स्टेरॉइड होतं, त्यानं दाब वाढून नस सुकायला लागलीय.

मेडिकलवाला_उदगीर | ७ ऑगस्ट, सकाळी ९.४०

दादा, हे वाचून वाईट वाटलं. आमच्या धंद्यात हे होतं, मी नाकारत नाही. "लाल डोळ्याचे ते पांढऱ्या बाटलीतले द्या" म्हणून लोक रिकामी बाटली घेऊन येतात. चिठ्ठी मागितली की शेजारच्या दुकानात जातात. मी आता चिठ्ठीशिवाय देत नाही, पण दोन वर्षांपूर्वी देत होतो.

निवृत्त_नेत्रसेवक | ७ ऑगस्ट, सकाळी ११.२०

सोयाबीन_तूर दादा, प्रश्न लाखमोलाचा आहे. दुखणं दाबाच्या आकड्यापेक्षा तो किती झपाट्यानं चढला त्यावर असतं. तुमच्या लेकराचा दाब महिनोन्महिने हळूहळू चढला, डोळ्यानं तो सोसला आणि आतली नस गुपचूप गेली. आईंचा दोन-तीन तासांत चढला. बुबुळात पाणी शिरलं, म्हणून दिव्याभोवती कडं दिसलं आणि कळ डोक्यात गेली. नाव दोघांचं काचबिंदूच. लेकराची चारी उघडी होती, फक्त जाळीतून झिरपणं मंदावलं होतं.

खाज हा तुमच्या गोष्टीतला खरा धागा होता. खाज आणि दोन्ही डोळे एकदम, दरवर्षी त्याच हंगामात, तर अॅलर्जी. साथीच्या डोळ्यात खाजेपेक्षा खुपणं जास्त, एक डोळा आधी आणि दुसरा एक-दोन दिवसांनी, कानापुढं छोटी गाठ लागते, घरात किंवा वर्गात कुणाला तरी असतंच. या दोन्हींत चिपड पुसलं की नजर शाबूत असते. ज्याची नजर पुसूनही धूसर राहते, ज्याला खोल ठणक आहे किंवा उजेड सहनच होत नाही, त्याचं निदान घरी बसून करू नये, मीही करत नाही. झटका नसला तरी बुबुळावर जखम असू शकते किंवा आतल्या रंगीत पडद्याला सूज असू शकते. उसाचं पातं किंवा तुरीचा फणकट डोळ्याला लागून मग लाल झाला असेल तर बुरशीची जखम होते. त्यात तुमच्या पोराला दिलेले थेंब गेले तर डोळाच जातो.

मेडिकलवाले भाऊ, तुमच्या गोळीच्या नियमाबद्दल बोलायचं राहिलं. काळजी घेताय ते चांगलंच, पण नियम नेमका चुकीच्या माणसाला लागतोय. ज्याची चारी उघडी आहे आणि रोज थेंब चालू आहेत, त्याला सर्दीच्या दोन गोळ्यांनी झटका येण्याची भीती फारशी नसते. लेसर होऊन भोक मोकळं असेल त्यालाही तसंच. तरी त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं. धोका खरा आहे तो ज्याचा डोळा आखूड आहे आणि ज्याला ते माहीतच नाही त्याला. तो तुमच्याकडं येऊन "मला काचबिंदू आहे" असं सांगणारच नाही. काऊंटरवर साठीच्या बाईला एवढंच विचारा की संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसतं का.

मेडिकलवाला_उदगीर | ७ ऑगस्ट, दुपारी १२.०५

हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आजपासून विचारतो. पण गोळीनंच घात केला हे तरी मान्य करा.

निवृत्त_नेत्रसेवक | ७ ऑगस्ट, दुपारी १२.३०

हातभार लावला असेल. पण गोळीच्या आधी दोन महिने छोटे झटके चालू होते, तेव्हा गोळी नव्हती. लाईट गेली नसती तर त्या दिवशी टळलंही असतं, पुढं कधी आलं असतं सांगता येत नाही. मी गोळीवर पूर्ण खापर फोडणार नाही.

परळीची_लेक | ७ ऑगस्ट, दुपारी २.१५

माझ्या सासूबाईंचा एक डोळा दहा वर्षांपूर्वी असाच गेला. त्यांना आठ दिवस पित्ताचीच औषधं चालू होती. आम्ही मोतीबिंदू फुटला असं धरून चाललो होतो. आता वाटतं तेच असेल. त्यांचा दुसरा डोळा कधी कुणी तपासला नाही. बॅटरी मारून बघितली, बाहुली छान बारीक होते, म्हणजे ठीक ना?

निवृत्त_नेत्रसेवक | ७ ऑगस्ट, दुपारी २.४०

नाही ताई. बाहुली हलणं याचा अर्थ आत्ता या घडीला झटका नाही, एवढाच. कोपरा अरुंद आहे का हे त्यातून कळत नाही. बॅटरी कानशिलाच्या बाजूनं आडवी धरून नाकाकडच्या पडद्यावर सावली पडते का, हे आम्ही शिबिरात बघायचो. पण त्यातही कितीतरी निसटतात. कोपरा डॉक्टरांकडच्या आरसा बसवलेल्या भिंगातूनच बघावा लागतो. आणि कित्येकांचा कोपरा असा झटका न येताच हळूहळू बुजत जातो, दुखत नाही, लाल होत नाही. सासूबाईंना या आठवड्यातच दाखवा.

रेसिडेंट_रात्रपाळी | ८ ऑगस्ट, पहाटे १.५०

नेत्रविभागात शिकतेय, धागा आत्ता वाचला. गोदाकाठ, लेसर झाल्यावरही दाबाची तपासणी सोडू नका. पडदा बराच वेळ चिकटून राहिला असेल तर जाळीचा काही भाग कायमचा बंद होतो आणि भोक मोकळं असूनही दाब पुन्हा चढतो. शिवाय अशा पेशंटमध्ये जाड झालेलं भिंगच काढून टाकावं, म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर करावं, याकडं आता कल वाढतोय. त्यानं पुढची जागा खोल होते. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

निवृत्त_नेत्रसेवक | ८ ऑगस्ट, सकाळी ८.१०

डॉक्टर, भिंग काढण्याबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं. पण झटक्यानंतर लगेचच्या आठवड्यांत डोळा तापलेला असतो, बुबुळ सुजलेलं, पडदा लुळा. मी अशी ऑपरेशनं अवघड जाताना पाहिलीत. आधी लेसर, डोळा शांत होऊ द्यावा, मग भिंगाचं ठरवावं असं मला वाटतं.

रेसिडेंट_रात्रपाळी | ८ ऑगस्ट, सकाळी ८.५५

काका, आमच्या विभागातच दोन मतं आहेत. एक सर दीड महिना थांबतात, दुसऱ्या मॅडम दाब औषधांनी उतरत नसेल तर थांबतच नाहीत. या पेशंटचा दाब १९ वर आलाय, त्यामुळं घाई नाही एवढं नक्की. पुढचं मी सांगू शकत नाही.

गोदाकाठ | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

काल दोन्ही डोळ्यांना लेसर झालं. आधी बाहुली बारीक करणारे पायलोकार्पिनचे थेंब टाकले. मी विचारलं, हेच पहिल्या रात्री का नाही टाकले? डॉक्टर म्हणाल्या, दाब ५८ असताना पडद्याच्या स्नायूला रक्तच पोचत नाही, तो थेंबाला ऐकत नाही, आधी दाब उतरवावा लागतो. आई म्हणते आत टिकली फुटल्यासारखं झालं दोन-तीनदा, बाकी काही नाही. आज दाब १४ आणि १३.

उजव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या वरून चौथ्या ओळीपर्यंत वाचते. बाहुली डाव्यापेक्षा मोठीच राहिलीय, ती तशीच राहू शकते म्हणाल्या. नसेचं किती नुकसान झालं ते महिन्यानं कळेल. भिंगाचं ऑपरेशन कधी, यावर त्यांनीही "पुढच्या भेटीला बघू" इतकंच सांगितलं.

आणि ताईच्या पोराचे डोळे स्वच्छ पाण्यानं पुसत पुसतच बरे होत आलेत, तो सोमवारपासून शाळेत जाईल.

आता दुसरं विचारायचं आहे. आईची सख्खी बहीण जिंतूरला असते, वय ६२. काल आईला भेटायला आली तेव्हा सहज चष्मा बदलून बघितला, तर आईला मावशीच्या चष्म्यातून स्वच्छ दिसलं. मावशीला विचारलं. म्हणाली, देवापुढं समई लावली की ज्योतीभोवती कडं दिसतं, पण ते चांगलं लक्षण समजत होते. दुखत नाही, डोळाही लाल नाही. तिला पुढच्या महिन्यात आईच्या तपासणीबरोबरच नेऊ का?

निवृत्त_नेत्रसेवक | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६.२६

पुढच्या महिन्यात नाही. उद्या सकाळी न्या. आज रात्री खोलीतला दिवा चालू ठेवून झोपू द्या. आणि त्यांच्या पिशवीत सर्दीची गोळी आहे का ते आत्ताच बघा.

गोदाकाठ | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६.४१

बघितलं. अर्धं पाकीट होतं, काढून घेतलं. उद्या नऊची वेळ मिळालीय.